आर-निवड आणि के-निवड

आर-निवड आणि के-निवड : सजीवांच्या जीवनक्रमाची दोन टोकांत विभागणी करणारी परिस्थितिविज्ञानातील संकल्पना. जीवनक्रम म्हणजे जीव केव्हा वयात येतो, एका खेपेला किती पिल्ले देतो, ती केवढी असतात, त्यांची काळजी घेतो की नाही आणि स्वतः किती जगतो याचा एकत्रित हिशेब. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली बेटांवरील जीवसृष्टीचा सिद्धांत मांडताना ही नावे रूढ केली. शालेय पुस्तकांत आजही ‘उंदीर एका टोकाला, हत्ती दुसऱ्या टोकाला’ अशी ही विभागणी शिकवली जाते. संशोधनात मात्र ती या रूपात टिकलेली नाही.

दोन्ही अक्षरे संख्यावाढीच्या समीकरणातून आली आहेत. त्या समीकरणाची मूळ कल्पना व्हेरहुल्स्ट यांची, १८३८ सालची.

```
dN/dt = rN(1 − N/K)
```

येथे N म्हणजे सध्याची संख्या, r म्हणजे मोकळ्या जागेत, पोटभर अन्न असताना दर जीवामागे होणारी वाढ, आणि K म्हणजे त्या जागेची धारणक्षमता, अर्थात तिथे कायम तगू शकणारी संख्या.

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून ठाणे-नवी मुंबईत साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतात. अशीच एक टाकी डोळ्यांसमोर आणू. समजा, तिच्यात गप्पींचे दोन प्रकार आहेत. पहिल्याचा r आठवड्याला ०.१० आणि K ३००. दुसऱ्याचा r ०.०६, पण K ४००. (आकडे समजावण्यापुरते मानलेले आहेत.) टाकीत एकूण २० मासे असताना पहिला प्रकार दर माशामागे ०.०९३ने वाढतो आणि दुसरा ०.०५७ने, म्हणजे पहिला पुढे. टाकीत २८० मासे झाले की पहिल्याची वाढ जेमतेम ०.००७ उरते, दुसऱ्याची मात्र ०.०१८ असते. पारडे फिरते ते साधारण २१८ माशांपाशी. दर पावसाळ्यात पाणी वाहून जाऊन संख्या पुन्हा विसावर येत असेल, तर निवड पहिल्याच्या बाजूने होत राहील. हीच आर-निवड. टाकी वर्षानुवर्षे भरलेलीच राहिली, तर कमी अन्नात निभावून नेणारा दुसरा प्रकार उरेल. ही के-निवड.

मूळ विचार एवढाच होता : गर्दी असताना निसर्ग एक गोष्ट निवडतो आणि गर्दी नसताना दुसरी. त्यात चूक काही नाही. घोटाळा सुरू झाला तो १९७० मध्ये एरिक पियांका यांनी केलेल्या कोष्टकापासून. त्यात एका रकान्यात लहान शरीर, लवकर वयात येणे, पुष्कळ व बारीक पिल्ले, अल्पायुष्य आणि बेभरवशाचे हवामान. दुसऱ्यात मोठे शरीर, उशिरा प्रजनन, थोडी व मोठी पिल्ले, दीर्घायुष्य आणि स्थिर हवामान. समीकरण गर्दीविषयी होते, कोष्टक स्वभावांच्या दोन गाठोड्यांविषयी झाले. सोपे असल्याने कोष्टकच लक्षात राहिले.

पुष्टी देणारी उदाहरणे नव्हती असे नाही. पुण्याचे माधव गाडगीळ आणि ऑटो सोलब्रिग यांनी १९७२ मध्ये डँडेलियन या पिवळ्या रानफुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे जमीन सतत तुडवली-कापली जात होती, तिथे बियांवर जास्त खर्च करणारा वाण भरला होता. जिथे फारसा धक्का लागत नव्हता, तिथे पानांवर खर्च करून शेजाऱ्याला दाबणारा वाण. तुलना एकाच जातीच्या वाणांची होती, म्हणूनच ती वजनदार ठरते. उंदीर आणि हत्ती यांच्या तुलनेत शरीराच्या आकाराचाच परिणाम इतका मोठा असतो, की निवडीविषयी त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

आता कोष्टक घेऊन ठाण्याच्या खाडीवर यावे. नव्या गाळावर सर्वांत आधी रुजणाऱ्या झाडांत तिवर येते. रिकामी जागा पकडणारे झाड म्हणून कोष्टकानुसार त्याचे बी बारीक आणि आयुष्य थोडे असायला हवे. तिवराच्या फळात मात्र एकच मोठे बी असते, ते झाडावर असतानाच फळाच्या आत रुजू लागते आणि झाड पुढे कित्येक दशके उभे राहते. त्याच चिखलातली चिंबोरी अंडी घालायला समुद्राकडे जाते आणि एका खेपेला दहा लाखांहून अधिक अंडी पोटाखाली बाळगते. म्हणजे पिल्लांची संख्या एका रकान्यातली, पण अंडी उबेपर्यंत सांभाळणे दुसऱ्या रकान्यातले. खाडीवर येणारा रोहित पक्षी एका वेळी एकच अंडे देतो आणि दशकानुदशके जगतो. तो तेवढा कोष्टकात नीट बसतो. स्टीफन स्टर्न्स यांनी १९७७ मध्ये ३५ सखोल अभ्यास तपासले, तेव्हा १८ कोष्टकाशी जुळले आणि १७ जुळले नाहीत. नाणे उडवूनही एवढेच हाती लागले असते.

उदाहरणे न जुळण्यापेक्षा खोल दोष समीकरणातच आहे. r हा आकडा जीवाच्या गुणांतून काढता येतो : कोणत्या वयात किती जगतात आणि किती पिल्ले देतात हे कळले की तो मिळतो. K तसा काढता येत नाही. ती जीव, अन्न, जागा आणि शेजारी यांच्या जुळणीतून ठरते. टाकी बदलली की त्याच माशाची K बदलते. म्हणजे एका टोकाला जीवाचा गुण आणि दुसऱ्या टोकाला परिस्थितीचा परिणाम ठेवून दोन्ही एकाच पट्टीवर मोजली गेली. शिवाय या समीकरणात वय नावाची गोष्टच नाही. सगळे मासे सारखेच, पिल्लू काय नि गाभण मादी काय. प्रत्यक्षात कोणत्या वयात मरण जास्त येते यावर जीवनक्रम फार अवलंबून असतो.

हे उघड झाले ते पुन्हा गप्पींमुळेच, त्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांत. तिथे धबधब्यांखालच्या डोहांत मोठ्या गप्पींना खाणारा क्रेनिसिक्ला मासा असतो. धबधब्यावर बहुधा फक्त रिव्ह्युलस, जो मुख्यतः लहान पिल्ले खातो. डेव्हिड रेझनिक आणि जॉन एंडलर यांना खालच्या गप्पी लवकर वयात येणाऱ्या, पुष्कळ व लहान पिल्ले देणाऱ्या आढळल्या. वरच्या उशिरा वयात येणाऱ्या, थोडी पण मोठी पिल्ले देणाऱ्या. १९७६ मध्ये एंडलर यांनी खालच्या गप्पी अरिपो नदीच्या, गप्पी नसलेल्या एका वरच्या ओढ्यात सोडल्या. ११ वर्षांनी, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांनी, त्यांचा जीवनक्रम वरच्या गप्पींसारखा झाला होता. स्पष्टीकरण असे दिले गेले : प्रौढ वयातच मरण जास्त असेल तर लवकर पिल्ले देऊन मोकळे होणे फायद्याचे; लहानपणी मरण जास्त असेल तर पिल्लू मोठे जन्मावे आणि आईने थांबून वाढावे. या उत्तरात गर्दी कुठेच लागत नव्हती.

पुढे गोष्ट आणखी वळली. मासे खुणा करून सोडून पुन्हा पकडल्यावर दिसले, की खालच्या डोहांत मरण फक्त मोठ्यांचे नव्हे, सर्वच आकारांच्या गप्पींचे जास्त आहे. सगळ्या वयांचे मरण सारखेच वाढले, तर केवळ वयाच्या सिद्धांतानुसार जीवनक्रम बदलायला नको. मग लक्ष पुन्हा गर्दीकडे गेले : वरच्या ओढ्यांत शिकारी कमी म्हणून गप्पी दाट, आणि म्हणून दर माशामागे अन्न तुटपुंजे. रेझनिक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे स्पष्ट मांडले, की वयानुसार मरण आणि गर्दी या दोन्हींचा हिशेब एकत्र करावा लागतो. २००४ मध्ये आणखी एक धक्का बसला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, शिकाऱ्यांच्या डोहांतल्या वंशाच्या गप्पी उलट जास्त काळ पिल्ले देत राहिल्या. ‘लवकर प्रजनन म्हणजे अल्पायुष्य’ ही कोष्टकातली जोडी तिथे तुटली.

असा फरक खरोखर निवडीतून आला आहे की केवळ उपासमारीतून, हे तपासण्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती न वापरल्याने बहुतेक चुका होतात. दाटीच्या टाकीतली गप्पी खुजी राहते. तिलापिया मासा तर दाटीच्या तळ्यात बोटभर असतानाच अंडी देऊ लागतो. तोच मासा मोकळ्या पाण्यात पोटभर खाऊन मोठा होतो. हा परिस्थितीचा ताण आहे, वंशाचा गुण नव्हे. म्हणून दोन ठिकाणच्या गाभण माद्या आणून त्यांची पिल्ले एकेकटी, वेगवेगळ्या काचेच्या टाक्यांत, मोजून दिलेल्या सारख्याच अन्नावर वाढवावी लागतात. पहिली पिढी मोजायची नसते, कारण उपाशी किंवा धष्टपुष्ट आईचा परिणाम तिच्या पिल्लांवर उतरलेला असतो. दुसऱ्या पिढीत नराचे वयात येतानाचे माप घ्यायचे (त्यानंतर त्याची वाढ जवळपास थांबते, त्यामुळे हे माप भरवशाचे असते), आणि मादीच्या पहिल्या खेपेचे वय, पिल्लांची संख्या, एकेका पिल्लाचे वजन व दोन खेपांतले अंतर नोंदायचे. इथेही फरक उरला तरच तो वंशाचा. आपल्याकडच्या टाक्यांत आणखी एक अडचण आहे : सोडलेल्या गप्पी अनेकदा एकाच साठ्यातून आलेल्या असतात आणि मध्येच नव्याने भर पडते, त्यामुळे दोन टाक्यांतला फरक पाहून निवडीविषयी बोलता येत नाही.

गर्दीनुसार निवड बदलते, हा मूळ विचार प्रयोगात उतरला आहे. लॉरेन्स म्युलर आणि फ्रान्सिस्को अयाला यांनी फळमाश्यांच्या वसाहती काही पिढ्या विरळ आणि काही दाट ठेवल्या. १९८१ मध्ये त्यांनी दाखवले, की दाटीत राहिलेला वंश दाटीत जास्त वाढतो आणि विरळ राहिलेला वंश विरळ वसाहतीत. पण त्या वंशांतला फरक पियांकांच्या दोन रकान्यांतून आला नव्हता. दाटीत वाढलेल्या अळ्या, उदाहरणार्थ, अन्न अधिक झपाट्याने खाऊ लागल्या होत्या. म्हणून आता ‘घनतेनुसार निवड’ असे म्हणतात, आणि जातींची तुलना करताना आकाराचा परिणाम वेगळा काढून ‘जलद-मंद’ अशा सलग पट्टीवर त्या मांडतात.

शिक्का मारण्याचा सर्वांत मोठा तोटा मासेमारीच्या प्रश्नांत होतो. लाखो अंडी म्हणजे आर-निवड, म्हणजे कितीही धरा, पुन्हा भरून येईल, हा निष्कर्ष कोष्टकातून सहज निघतो आणि तो चुकीचा आहे. चिंबोरीच्या अंड्यांतून निघालेल्या डिंभांना उघड्या पाण्यात पाच अवस्था पार करून मेगालोपा ही शेवटची डिंभावस्था गाठावी लागते आणि मग खाडीच्या तोंडाशी परतावे लागते; त्यात जवळजवळ सगळे संपतात. साठा किती लवकर भरेल हे ठरते किती डिंभ परत येऊन वयात येतात यावर, आणि पोटाखालच्या अंड्यांची संख्या त्याविषयी फार थोडे सांगते. गाभोळीची मादी बाजारात गेली, तर केवळ एक चिंबोरी जात नाही, ते सगळे परतणे एकदम वजा होते.