टाळूतून सोनोग्राफी: रिपोर्टमधला ग्रेड आणि मिलिमीटर
अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पालकांसाठी माहितीपत्रक, सोनोग्राफी केंद्र, दादर

एनआयसीयूतून घरी आलेल्या बाळाच्या फाइलमध्ये 'ग्रेड 2' असं लिहिलेलं असतं. पुढच्या रिपोर्टमध्ये 'व्हेंट्रिकल वाढले' असं येतं आणि घरचे विचारतात, 'म्हणजे ग्रेड 3 झाला का?' तसं नाही. ग्रेड सांगतो की सुरुवातीला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा रक्त कुठवर गेलं. व्हेंट्रिकलचं माप सांगतं की त्यानंतर मेंदूतल्या पाण्याचं काय होतंय.

टाळूच्या जागी हाड अजून जुळलेलं नसतं, म्हणून ध्वनिलहरी तिथून आत जातात. यात किरणोत्सर्ग नाही आणि भूल लागत नाही. 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळात मेंदूच्या पोकळ्यांच्या, म्हणजे व्हेंट्रिकलच्या, कडेला नाजूक रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. जन्मानंतर रक्तदाब वरखाली झाला की तो फुटू शकतो, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत. रक्त त्या थरातच राहिलं तर ग्रेड 1. पोकळीत उतरलं पण पोकळी फुगली नाही तर ग्रेड 2. रक्तानेच पोकळी भरून फुगली तर ग्रेड 3. ग्रेड 4 मध्ये शेजारच्या मेंदूतही रक्त दिसतं. याला पुष्कळजण ग्रेड 3 ची पुढची पायरी समजतात, पण बहुतेकदा तिथली शीर दबून रक्त तुंबल्यामुळे मेंदूच्या त्या भागाला इजा झालेली असते. म्हणून ती कुठे आणि किती आहे हे ग्रेडच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

पोकळीतल्या कोरॉइड प्लेक्सस नावाच्या भागात मेंदूचं पाणी तयार होतं. हा भागही रक्तासारखाच पांढरा दिसतो, त्यामुळे गल्लत होते. मात्र तो पोकळीच्या पुढच्या शिंगात शिरत नाही. तिथे पांढरं काही दिसलं तर ते रक्त असण्याची शक्यता मोठी.

आता माप. रक्ताच्या गुठळ्यांनी पाण्याची वाट अडली की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी पोकळ्या रुंदावतात. ग्रेड 2 नंतर हे झालं तरी ग्रेड 2 च राहतो. मध्यरेषेपासून पोकळीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून त्या वयाच्या तक्त्यावर मांडतात. तक्त्यावरची 97 ची रेषा म्हणजे शंभरातल्या 97 बाळांचं माप जिच्या आत असतं ती; तिच्यापुढे गेलं तर लक्ष ठेवायचं. त्या रेषेच्याही 4 मिलिमीटर वर गेलं तर उपचाराचा निर्णय लांबवू नये, असा जुना दंडक आहे. हल्ली काही डॉक्टर त्याआधीच पाऊल उचलतात.

एक नमुना पाहू. 28 आठवड्यांचं बाळ, तिसऱ्या दिवशी डावीकडे ग्रेड 3. सातव्या दिवशी डावं माप 10 मिलिमीटर, चौदाव्या दिवशी 13. त्या वयाला 97 ची रेषा साधारण 11 च्या आसपास धरू, म्हणजे वरची मर्यादा 15. डोक्याचा घेर मात्र आठवड्यात जेमतेम 1 सेंटिमीटर वाढलेला, टाळू मऊ. म्हणून धोका नाही असं समजू नये: अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू मऊ असतो, पोकळी आधी फुगते आणि घेर त्यानंतर काही दिवसांनी वाढतो. इथे आठवड्यातून दोनदा तपासणी ठरते. सतराव्या दिवशी 14, एकविसाव्या दिवशी 14, अठ्ठाविसाव्या दिवशी 13. पाण्याला वाट मिळाली, शस्त्रक्रिया लागली नाही. हेच माप एकविसाव्या दिवशी 16 झालं असतं तर न्यूरोसर्जनना त्याच दिवशी बोलवावं लागलं असतं.

एका मिलिमीटरच्या फरकाने घाबरू नका. प्रोब थोडा तिरका धरला तरी एक पोकळी मोठी दिसते. म्हणून आम्हाला एका आकड्यापेक्षा तीन-चार तपासण्यांची ओळ जास्त खरी वाटते.

पोकळी मोठी पण घेर वाढत नाही, असं महिन्यादोन महिन्यांनी दिसलं तर दुसरी शंका घ्यावी लागते: दाब नसून भोवतालचा मेंदूच कमी झालेला असू शकतो. तेव्हा पाणी काढून उपयोग नसतो. मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याची बारीक इजा आणि लहान मेंदूतला छोटा रक्तस्राव सोनोग्राफीत निसटू शकतो, म्हणून डॉक्टर कधी एमआरआय सुचवतात.

बाळ शांत असताना, उभं धरल्यावरही टाळू फुगलेली असेल, वारंवार उलटी होत असेल, श्वास थांबत असेल, डोळे सतत खाली वळत असतील किंवा घेर आठवड्यात 2 सेंटिमीटरने वाढला असेल, तर आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जा. टाळू उडताना दिसणं मात्र नैसर्गिक आहे.

तपासणीच्या आधी बाळाला दूध पाजून आणा, झोपलेलं असेल तर उत्तम. एसी बंद करून, जेल कोमट करून आम्ही 10-15 मिनिटांत काम उरकतो. डिस्चार्ज कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट आणि घेराच्या नोंदी सोबत हव्यात. आजींनी टाळू भरली असेल तरी चालेल, तेल आम्ही पुसून घेतो. मात्र भरताना टाळूवर अंगठा दाबू नये.