गाठ काढण्याआधीचे चौदा दिवस

सोलापुरात मे महिन्यात घाम येतो, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, तर कुणी त्याला आजार म्हणत नाही; ऊन म्हणतात. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या एका अडतीस वर्षांच्या ताईंनीही दोन उन्हाळे असेच काढले. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.) झटका आला की चेहरा पांढराफटक पडायचा, वीस मिनिटांनी सगळं ठीक. झटक्यात रक्तदाब 210 आणि एरवी 130, हे एका डॉक्टरांनी नेमकं टिपलं म्हणून लघवीतलं मेटानेफ्रिन, म्हणजे अॅड्रिनलिन मोडून बनणारं रसायन, तपासलं गेलं. ते कितीतरी पट वाढलेलं होतं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर, अॅड्रिनल ग्रंथीत, चार सेंटिमीटरची गाठ दिसली. फिओक्रोमोसायटोमा. अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन ही रक्तदाब चढवणारी संप्रेरकं मनाला येईल तेव्हा रक्तात ओतणारी गाठ.

भूलतज्ज्ञ म्हणून मला ही गाठ म्हटली की आधी तिचा इतिहास आठवतो, कारण आज आपण जे करतो त्यातलं जवळपास प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी मृत्यूनंतर शिकलेलं आहे.

1886 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये फेलिक्स फ्रेंकेल यांनी अचानक दगावलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही अॅड्रिनल ग्रंथींत गाठी असल्याचं नोंदवलं. क्रोमेट क्षारांनी गाठ काळपट रंगते, त्यावरून लुडविग पिक यांनी 1912 मध्ये तिला आजचं नाव दिलं. शस्त्रक्रियेने ती प्रथम काढली 1926 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी. मेयो यांची रुग्ण एक ख्रिस्ती नन होती आणि पोट उघडेपर्यंत आत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही रुग्ण वाचले. त्यानंतरच्या सगळ्यांच्या वाट्याला ते नशीब आलं नाही. पुढची काही दशकं या शस्त्रक्रियेत चारातला एक रुग्ण, कुठे कुठे त्याहून जास्त, दगावत असे. आज अनुभवी टीमच्या हाती हे प्रमाण शंभरात तीनच्या खाली आहे.

गाठीला हात लागला की दाब का उसळतो, हे बराच काळ कोडं होतं. 1946 मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी नॉरअॅड्रिनलिन ओळखलं आणि 1949 मध्ये ते या गाठीतही सापडलं. शत्रूचं नाव कळल्यावर त्याला अडवणारी औषधं हाती आली: आधी उसळी आल्यावर शिरेतून द्यायचं फेंटोलामाइन, मग आधीपासून तोंडाने द्यायचं फिनॉक्सिबेंझामिन. माझ्या मते या इतिहासातला खरा टप्पा हाच. लढाई टेबलावरून उचलून शस्त्रक्रियेच्या आधीच्या दोन आठवड्यांत नेली गेली.

ताईंचे ते दोन आठवडे असे गेले. फिनॉक्सिबेंझामिन आपल्याकडे महाग आणि सहज न मिळणारं, म्हणून प्राझोसिन. दोन्ही अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारी वाट बंद करणारी औषधं. पहिली गोळी एक मिलिग्रॅमची, रात्री झोपताना, कारण पहिल्या गोळीने उभं राहिल्यावर भोवळ येऊ शकते. मग हळूहळू पाच मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. नेदरलँड्समध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 134 रुग्णांवर फिनॉक्सिबेंझामिन आणि प्राझोसिनच्याच जातीचं डॉक्साझोसिन यांची तुलना झाली. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर किती वेळ राहिला, यात दोघांत फरक दिसला नाही. आमच्यासारख्या शहरांना याचा मोठा दिलासा वाटला.

तिसऱ्या दिवशी मी मीठ वाढवायला सांगितलं. सासूबाई चपापल्या. "अहो डॉक्टर, बीपीच्या माणसाला मीठ वाढवायचं? आम्ही तर हिची शेंगाचटणीसुद्धा बंद केलीय." प्रश्न अगदी बरोबर होता. या रुग्णाच्या रक्तवाहिन्या महिनोन्महिने आवळलेल्या असतात, आणि आवळलेल्या नळीत रक्तही कमीच मावतं. औषधाने नळ्या सैल झाल्या की आत भरायला मीठ-पाणी लागतं. ते आधी भरलं नाही, तर गाठ निघाल्यावर दाब कोसळतो. सासूबाईंनी त्या दिवसापासून स्वतः ताटात चटणी वाढली.

नाडी मात्र 110 च्या घरात होती. इथेच जुनी, जीवघेणी चूक होते: नाडी जलद म्हणून ती मंदावणारं बीटा ब्लॉकर आधी देणं. स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैल ठेवणारी वाट बीटाची आहे. ती बंद केली आणि आवळणारी अल्फाची वाट उघडीच राहिली, तर दाब आणखी चढतो आणि हृदयाची ताकद त्याच वेळी कमी झालेली असते. फुप्फुसात पाणी भरून रुग्ण जाऊ शकतो. म्हणून अल्फा आधी, बीटा नंतर. ताईंना मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर सुरू केलं ते सातव्या दिवशी.

तयारी पुरी झाली हे कसं ओळखायचं, याचे निकष अमेरिकन भूलतज्ज्ञ मायकेल रॉयझन यांनी 1980 च्या दशकात मांडले. शस्त्रक्रियेआधीचे चोवीस तास दाब 160/90 च्या वर नको, उभं राहिल्यावर तो थोडा उतरावा पण 80/45 च्या खाली नको. ताईंचा आडवं असताना 128/80, उभं राहिल्यावर 106/70. शिवाय नाक चोंदलेलं. त्या सर्दी म्हणून तक्रार करत होत्या आणि मला हायसं वाटत होतं, कारण नाकातल्या रक्तवाहिन्या सैल झाल्याची ती खूण.

ओटीत मनगटाच्या धमनीत नळी भूल देण्याआधीच, जागा बधिर करून घातली, म्हणजे दाब ठोक्याठोक्याला दिसतो. फॉइल गुंडाळलेलं नायट्रोप्रुसाइड (त्याला उजेड चालत नाही), एस्मोलॉल, मॅग्नेशियम ही दाब उतरवणारी औषधं एका बाजूला. दाब चढवणारी नॉरअॅड्रिनलिन आणि व्हॅसोप्रेसिन दुसऱ्या बाजूला. भुलीचं केटामिन ट्रेमध्ये ठेवलंच नाही, आणि उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइडही नाही. ते या गाठीला डिवचतं.

श्वासनळीत नळी घालताना दाब 152. पोटात वायू भरताना 170. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली ही उसळी ठरलेली, म्हणून वायूचा दाब कमी ठेवला होता. मग सर्जननी गाठ यकृतापासून सोडवायला घेतली आणि पडद्यावरचा आकडा दोन श्वासांत 228/124 झाला. मी म्हटलं, "सर, हात थांबवा." ते थांबले. नायट्रोप्रुसाइड वाढवलं, मॅग्नेशियमचा आणखी एक डोस दिला. तीन मिनिटांत 150. मगच पुढे. इथे सर्वांत प्रभावी औषध सर्जनचा थांबलेला हात असतो, आणि तो थांबेल हे सकाळीच ठरवून घ्यावं लागतं.

उजव्या अॅड्रिनलची शीर आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते. तिला क्लिप लावण्याआधी सर्जननी मोठ्याने सांगितलं. मी नायट्रोप्रुसाइड बंद केलं, सलाईन जोरात सोडलं. क्लिप बसली आणि दाब 84 वर आला. ज्या रसायनावर शरीर इतके दिवस चाललं, त्याचा पुरवठा तुटला होता. नॉरअॅड्रिनलिन सुरू केलं, ते सहा तासांनी थांबवता आलं. मॅग्नेशियम स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर लांबवतं, म्हणून श्वासनळीतली नळी काढायची घाई केली नाही.

दोन तासांनी नर्सने साखर तपासली: 58. गाठ इन्शुलिन दाबून ठेवते; ती गेली की इन्शुलिन उसळतं, आणि भुलीच्या गुंगीत रुग्णाला ते सांगताही येत नाही. डेक्स्ट्रोज दिलं, रात्रभर दर तासाला बोटाला सुई टोचली.

पाचव्या दिवशी ताई घरी गेल्या. लघवीची तपासणी काही आठवड्यांनी आणि नंतर दरवर्षी करायची, कारण ही गाठ पुन्हा उगवू शकते. मीठ आता नेहमीइतकंच, असं मी सासूबाईंना सांगितलं. "आणि चटणी?" त्यांनी विचारलं. चटणी चालेल, म्हटलं.