चोरून आत येणारी हवा आणि फ्युएल ट्रिमचे दोन आकडे

चेक इंजिन लाइट लागलाय, स्कॅनरवर P0171 म्हणजे मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, असा कोड आलाय, आणि लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचा विचार चाललाय, तर थांबा, आधी लाइव्ह डेटामध्ये STFT B1 आणि LTFT B1 बघा, हेच पहिल्या बँकेचे म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या रांगेचे शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं ते सांगणारे. ऑक्सिजन सेन्सर धुरात हवा जास्त आहे म्हणाला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ताबडतोब पेट्रोल वाढवतो, ती वाढ शॉर्ट टर्म, आणि तीच वाढ रोज लागायला लागली की तो ती लक्षात ठेवतो, ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज करायची. साधारण अधिक-उणे 10 टक्क्यांच्या आत असेल तर फार चिंता नाही.

आता एक उदाहरण घेऊ. इंजिन पूर्ण गरम, आयडलला STFT +9 आणि LTFT +16, म्हणजे बेरीज +25. मग 2500 आरपीएमवर धरून आकडे स्थिर होऊ दिले तर +2 आणि +4, म्हणजे फक्त +6. ही उतरण बघितली की संशय व्हॅक्युम लीकवरच जातो, म्हणजे सेन्सरने न मोजलेली हवा कुठल्या तरी फटीतून मॅनिफोल्डमध्ये ओढली जातेय. कारण सोपंय, आयडलला एअर फ्लो सेन्सर सेकंदाला 4 ग्रॅम हवा मोजतोय आणि त्याच्या पुढच्या फटीतून 1 ग्रॅम न मोजता आत शिरतेय, म्हणजे पाव भाग जास्त, पण 2500 ला मोजलेली हवाच 16 ग्रॅम झाली आणि फट तेवढीच आहे, मग तिचा हिस्सा राहतो जेमतेम 6 टक्के. उलट लोड वाढेल तसा ट्रिमही वाढत गेला तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा घाणेरडा एअर फ्लो सेन्सर बघा, होज चाचपत बसू नका.

फट नेमकी कुठे हे शोधायला मला स्प्रेपेक्षा होज दाबणं बरं वाटतं (गरम एक्झॉस्टजवळ कार्ब क्लीनर उडवणं म्हणजे आगीशी खेळ). आयडलवर एकेक व्हॅक्युम होज मॅनिफोल्डच्या अगदी जवळ पकडीने हलकेच दाबायचा आणि नजर STFT वर ठेवायची, LTFT वर नाही, तो सावकाश हलतो. आपल्या उदाहरणात ब्रेक बूस्टरचा होज दाबला, काहीच नाही, पीसीव्हीचा, म्हणजे क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारा, दाबला आणि STFT +9 वरून थेट −14 वर आला, LTFT अजून +16 च, म्हणजे बेरीज +2. होज काढून वाकवला तर खालच्या बाजूला, वरून अजिबात न दिसणारी चीर. पण कुठलाच होज दाबून फरक पडला नाही तर मग मॅनिफोल्डचं गॅस्केट, आणि व्ही इंजिनमध्ये एकाच बँकेचा ट्रिम चढलेला असेल तर त्याच बाजूचं.

एक घोळ मात्र होतो. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर नाही, फक्त मॅप सेन्सर आहे, तिथे चोरटी हवासुद्धा मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम बऱ्याचदा ठीकच दिसतो आणि आयडल मात्र चढलेलं असतं. आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटलेला असेल तरी बाहेरची हवा सेन्सरला फसवते, ट्रिम खोटाच वर जातो, तेव्हा थंड इंजिन चालू करून तिथून फटफट आवाज येतोय का तेही ऐका.

नवा होज लावल्यावर STFT काही वेळ खूप उणे दिसेल, घाबरू नका, LTFT जुन्याच सवयीने पेट्रोल वाढवतोय. काही दिवस गाडी चालवली की तो खाली येतो, नाहीतर स्कॅनरमधून ट्रिम रीसेट करून टाका.