कागद, कल्हई आणि तांबे: गोळीच्या अंगावरच्या कपड्यांची गोष्ट

भोरकडच्या आमच्या मामांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची .315 रायफल आहे. ती मी दिवाळीला साफ करून देतो. नळीत तांबे काढणारे द्रावण घालून दहा मिनिटांनी चिंधी फिरवली की ती मोरचुदासारखी निळी होऊन बाहेर येते. माझी स्वतःची .22, बालेवाडीला सरावाला नेतो ती, कधीच निळी चिंधी देत नाही; तिची चिंधी राखाडी निघते. मामांनी एकदा विचारले, "दोन्ही बंदुकाच ना रे, मग रंग वेगळा कसा?" उत्तर द्यायला गेलो आणि दोनशे वर्षे मागे जावे लागले.

मुळात गोळी म्हणजे शिसेच. 1817 मध्ये खडकीच्या लढाईत दोन्ही बाजूंनी उडाल्या त्या बंदुकीच्या गोळ्या शिशाच्याच. शिसे 327 अंशांना वितळते, म्हणजे चुलीवरच्या पळीत गोळी ओतता येते. शिवाय ते जड आणि मऊ. जड म्हणून लांबवर वेग टिकतो, मऊ म्हणून लागल्यावर पसरते. नळी गुळगुळीत होती तोवर मऊपणाचा त्रास नव्हता. नळीत पिळाच्या खाचा आल्या, गोळीला त्या खाचांत घट्ट बसून फिरत जावे लागले, आणि शिसे नळीला पुसले जाऊ लागले. त्यावर काळ्या दारूची काजळी. दहावीस बारांनंतर ठासणीच्या रायफलीत नवी गोळी खाली उतरायलाच तयार नसे.

त्यावरचा तोडगा आपल्याला शाळेपासून माहीत आहे, फक्त तो तोडगा होता हे कोणी सांगत नाही. एन्फिल्ड रायफलीचे काडतूस कागदाचे होते. शिपायाने ते दातांनी फाडायचे, दारू ओतायची आणि गोळी कागदासकट नळीत ठासायची. तो कागद बाहेरून चरबीने माखलेला असे. शिसे आणि पोलाद यांच्यामध्ये कागद, आणि काजळी मऊ राहावी म्हणून चरबी. 1857 चा भडका त्या चरबीवरून उडाला. पण ती तिथे होती ती नळी घाण होऊ नये म्हणून. गोळीच्या अंगावरचे पहिले कापड ते, असे मी म्हणतो.

कागद पुढेही राहिला. 1871 च्या मार्टिनी-हेन्रीत पितळी काडतूस आले, तरी गोळीभोवती कागद गुंडाळलेलाच असे, आणि शिशात बारा भागांस एक भाग कथील घालून ते थोडे कडक केलेले असे. ती गोळी साधारण 31 ग्रॅमची, वेग सेकंदाला 400 मीटरच्या आसपास. एवढ्या वेगाला कागद आणि कथील पुरून उरत होते.

सगळे बिघडवले ते बिनधुराच्या दारूने. 1884 मध्ये फ्रान्समध्ये व्येय या रसायनशास्त्रज्ञाने ती तयार केली आणि वेग एका उडीत 600 मीटरच्या पुढे गेला. त्या वेगात खाचांना धरून फिरण्याइतकी ताकद शिशात उरत नाही. गोळी खाचा सोडून सरळच घसरते. मागचा तापलेला वायू कडेने पुढे घुसतो, शिसे वितळवतो आणि नळीवर लिंपतो. मग नेम कसला? स्वित्झर्लंडच्या मेजर एदुआर्द रुबिनने 1882 च्या सुमारास यावर उत्तर शोधून ठेवले होते: आत शिसे, बाहेर तांब्याचे पातळ कवच. हेच जॅकेट. ब्रिटिशांच्या .303 मध्ये त्याची जागा तांबे-निकेलच्या मिश्रधातूने घेतली, साधारण ऐंशीस वीस.

पूर्ण जॅकेटची गोळी नळीत गुणी निघाली, पण बाहेर पडल्यावर तिचा स्वभाव बदलला. ती आरपार जाई आणि बारीक भोक पाडून निघून जाई. 1895 च्या चित्रळ मोहिमेनंतर वायव्य सरहद्दीवरून तक्रार आली की गोळी लागूनही माणूस धावत येतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी जॅकेटचे टोक आखूड करून शिसे किंचित उघडे ठेवले. तीच 'दमदम' गोळी. यातली एक अडचण इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. जॅकेट आधीच बुडाशी उघडे होते, आता टोकालाही उघडे झाले. म्हणजे ती एक नळकांडीच झाली. दाबाने आतले शिसे पुढे निघून जाऊन कवच नळीतच अडकून राहण्याचा धोका उभा राहिला, आणि त्यावर पुढची गोळी झाडली तर नळी फाटते. आज शिकारीच्या जॅकेट गोळीचे बूड बंद आणि टोक उघडे असते, त्याचे कारण इथे आहे. 1899 च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात पसरणारी गोळी युद्धात वर्ज्य केली. शिकारीत उलटा न्याय आहे: तिथे न पसरणारी गोळीच क्रूर, कारण जखमी जनावर तासन्‌तास पळत राहते.

आता नळीकडे परत येऊ. शिशाची घाण गेली आणि तांबे-निकेलची आली. ती वाईट होती. नळीच्या तोंडाकडे, जिथे वेग सर्वांत जास्त, तिथे गुठळ्या धरत. त्या ब्रशाने निघत नसत, अमोनियाचे कडक द्रावण नळीत भरून ठेवावे लागे. अमेरिकनांनी 1921 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी गोळीला चक्क कल्हई केली. गुठळ्या थांबल्या, पण कथलाने गोळी आणि पितळी काडतुसाचा गळा एकमेकांना डाक दिल्यासारखे धरून ठेवले. त्यात काही नेमबाज सवयीने गोळीला ग्रीस लावत. दाब भलताच वाढला आणि रायफली फुटल्या. शेवटी रामबाण ठरला तो साधा उपाय: निकेल काढून टाका, तांब्यात पाच ते दहा टक्के जस्त घाला. हा मिश्रधातू नळीवर पातळ, सारखा थर धरतो, गुठळी करत नाही. आजची बहुतेक जॅकेटे याचीच, आणि मामांच्या चिंधीवरचा निळा रंग जॅकेटच्या तांब्याचाच: तांबे अमोनियात विरघळले की निळे दिसते. चिंधी फिरवायच्या सळईचे टोक पितळी असेल तर नळी स्वच्छ असूनही चिंधी निळी येते, हे मात्र ध्यानात ठेवावे. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे. माझ्या .22 ची गोळी मेण-ग्रीस लावलेली निव्वळ शिशाची, वेग जेमतेम 330 मीटर. तिथे अमोनियाचे काही काम नाही, ब्राँझचा ब्रश पुरतो.

राहिले निखळ तांबे. फ्रेंचांनी 1898 मध्येच एकसंध पिवळ्या धातूची गोळी सैन्याला दिली होती, पण ती पसरणारी नव्हती. शिकारीसाठी खटपट झाली ती शिसेवाल्या गोळीच्या तुकडे होण्यावर. वेग वाढला तशी साधी मऊ टोकाची गोळी जवळच्या हाडावरच फुटू लागली. अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी 1948 मध्ये गोळीच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत घातली: पुढचा भाग फुटला तरी मागचा पुढे जाईल. 1989 मध्ये बार्न्स कंपनीची 'एक्स' गोळी आली, पूर्ण तांब्याची, टोकाला पोकळी. लागल्यावर तिच्या चार पाकळ्या उलगडतात.

पाकळी न तुटता वळायची तर तांबे नरम हवे, आणि इथे आपल्या कसब्यातली तांबट आळी आठवते. मठारकाम करताना ठोकून ठोकून तांबे कडक होते, मग ते भट्टीत तापवून नरम करावे लागते, नाहीतर चिरते. गोळीचेही तेच. पण नरम तांबे पोलादाला चिकटते. जॅकेटच्या आत शिसे असल्याने ते खाचांत दबून मार्ग देते. भरीव तांबे दबत नाही, जास्त घासते. पहिल्या एक्स गोळ्यांची नळी घाण करण्याबद्दल ख्याती होती. 2003 नंतर गोळीच्या अंगावर आडव्या चऱ्या पाडल्या गेल्या. नळीला टेकणारे क्षेत्र कमी झाले, दाबलेल्या धातूला सरकायला जागा मिळाली, आणि तक्रार बरीच निवळली.

वजनाचा हिशेब एकदा मांडून पाहू. .30 ची गोळी, व्यास 7.82 मिलिमीटर, वजन 180 ग्रेन म्हणजे 11.7 ग्रॅम. निव्वळ दंडगोल धरला तर शिशाचा तुकडा 21 मिलिमीटर लांब होतो आणि तांब्याचा 27, कारण शिशाची घनता 11.3 तर तांब्याची 9 च्या आत. लांब गोळी स्थिर ठेवायला नळीचा पीळ जास्त लागतो, म्हणून तांब्याची गोळी सहसा हलकी घेतात: 180 ऐवजी 150. तोटा वाटतो, पण समजा 180 ची मऊ टोकाची गोळी जनावरातून काढून तोलली आणि 110 ग्रेन भरली, तर 61 टक्के वजन टिकले. 150 ची तांब्याची 147 भरली, तर 98 टक्के. निघताना हलकी होती ती आत पोचल्यावर जड ठरली. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण प्रमाण खऱ्याला धरून आहे.

मग ते हरवलेले 70 ग्रेन गेले कुठे? मांसात. क्ष-किरणात शिशाचे कण जखमेपासून कित्येक सेंटिमीटर दूरवर चांदण्यासारखे दिसतात. कॅलिफोर्नियाचे काँडर गिधाड शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी खाऊन विषबाधेने मरू लागले. 1987 मध्ये जगात 27 उरले होते. त्या राज्याने 1 जुलै 2019 पासून शिकारीतले शिसे पूर्ण बंद केले. आपली गिधाडे मात्र शिशाने गेली नाहीत, गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने गेली. दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगणारे भेटतात, म्हणून लिहिले.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारच बंद आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यासाठी वनखात्याची परवानगी मिळते तेवढीच वाट. मामांनी विचारले, तांब्याची गोळी .315 ला चालेल का? पाकळ्या उलगडायला बहुतेक तांब्याच्या गोळ्यांना लागताना सेकंदाला 550 ते 600 मीटर वेग हवा. .315 ची गोळी नळीतून निघतानाच 600 ते 650 ची, म्हणजे बांधाच्या पलीकडे पोचेपर्यंत ती न उलगडता भोक पाडून जाणार. दमदमच्या आधीची तक्रार पुन्हा दाराशी. ज्यांच्याकडे वेगवान .30-06 आहे त्यांचे वेगळे: तिथे 400 मीटरपर्यंतही वेग पुरतो. फक्त जॅकेटवरून तांब्यावर जाताना नळी आधी चिंधी पांढरी येईपर्यंत धुवायची. जुन्या थरावर नवा थर बसला तर गोळ्या विखरून लागतात, आणि दोष दुर्बिणीवर जातो.