गेटवरचा शून्य आणि रोस्टरमधली माणसं

तळोजा, रबाळे, अंबरनाथ, तारापूर: मुंबईच्या आसपासच्या कुठल्याही एमआयडीसीत गेटपाशी सुरक्षेचा फलक दिसतो. 'अपघातमुक्त दिवस: 365.' मुलाखतीला आलेला डिप्लोमावाला किंवा नवा इंजिनीअर तो वाचून निर्धास्त होतो. त्या आकड्याला अर्थ येतो तो त्यामागे कामाचे किती तास आहेत हे कळल्यावरच.

समजा, प्लांटमध्ये 150 माणसं आहेत. रोज आठ तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे झाले 3 लाख 60 हजार तास. अपघातांचा दर साधारणपणे 10 लाख तासांमागे मोजतात आणि त्यात ज्या दुखापतीमुळे कामाचा दिवस बुडाला तीच धरतात. या प्लांटचा खरा दर 3 असला, तरी वर्षाला सरासरी एकच अपघात येतो. आणि सरासरी एक म्हणजे दर वर्षी नेमका एक नव्हे. कधी दोन होतात, तर साधारण तीनपैकी एका वर्षी निव्वळ योगायोगाने एकही होत नाही. त्या वर्षी फलकावर 365 झळकतात. शेजारच्या 2000 माणसांच्या कारखान्यात 48 लाख तासांत पाच अपघात झाले, तर तिथला दर जेमतेम 1 भरतो. पाच अपघातांचा कारखाना शून्यवाल्यापेक्षा तिप्पट सुरक्षित असू शकतो. म्हणून लहान प्लांटचे निदान पाच वर्षांचे आकडे विचारावेत. त्यात कंत्राटी कामगारांचे अपघात आणि तास धरलेत का, हेही विचारावं. टाकी साफ करायला आणि वेल्डिंगला बहुतेक तीच माणसं असतात. निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टरही बघायला मागावं. ते वर्षभर कोरं असेल तर तिथे काही घडत नाही असं नसून लोक सांगायला घाबरतात, असंच मी समजेन.

यापेक्षा जास्त सांगून जाणारा प्रश्न शिफ्ट इन्चार्जला विचारायचा असतो: "एका पॅनलला एकूण किती माणसं?" पॅनल म्हणजे जिथे बसून प्लांटवर सतत लक्ष ठेवायचं ती जागा. आठवड्याचे तास 168. जागा कधीच रिकामी ठेवायची नाही आणि नेहमीच्या कामाची कायदेशीर मर्यादा 48 तासांची. भागाकार केला की उत्तर येतं साडेतीन. तीनच माणसं असतील, तर कुणी रजेवर नसतानाही प्रत्येकाच्या वाट्याला 56 तास येतात. चार असतील तर 42, आणि रजा, आजारपण, सणवार त्यात कसेबसे बसतात. तीन माणसांच्या रोस्टरमध्ये रिलीव्हर आला नाही की डबल ड्युटी ठरलेलीच. ओव्हरटाइम दुपटीने मिळतो म्हणून सुरुवातीला ती बरीही वाटते.

ती शरीराला कशी पडते ते पाहा. फर्स्ट शिफ्ट सातची. डोंबिवलीहून कंपनीची बस पकडायला पाचला उठावं लागतं. तीनला सुटका झाली नाही आणि सेकंड शिफ्टही करावी लागली, तर रात्री दहाला माणूस सलग 17 तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर लक्ष आणि हातांची चपळाई साधारण 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असावं इतकी घसरते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायला 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आणि याच माणसाला अकराला बॅचचा हँडओव्हर द्यायचा असतो. कुठला व्हॉल्व उघडा आहे, कुठलं तापमान चढतंय, हे लॉगबुकात लिहायचं राहून जातं ते अशा वेळी.

शिफ्ट कुठल्या क्रमाने फिरते तेही विचारावं. फर्स्ट, सेकंड, नाईट हा क्रम सोसतो, कारण आपलं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि झोप पुढे ढकलणं त्याला जमतं. उलटा क्रम जड जातो.

राहिलं ट्रेनिंग. किती दिवसांचं, हे विचारून फारसं कळत नाही. "मी परमिटवर सही केव्हा करणार?" असं विचारावं. परमिट म्हणजे धोक्याचं काम सुरू करायची लेखी परवानगी. रिॲक्टरच्या आत माणूस उतरवण्याचं परमिट घ्या. नायट्रोजनला वास नसतो, आणि तो भरलेल्या भांड्यात दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. नुसता व्हॉल्व बंद करून भागत नाही, जुना व्हॉल्व पास होतो, म्हणजे बंद असूनही आतून गळतो. म्हणून लाईन सोडवून मध्ये ब्लाइंड, म्हणजे वाट पूर्ण बंद करणारी धातूची चकती, टाकावा लागतो. मग ऑक्सिजन वर, मध्ये आणि तळाशी असा तीन ठिकाणी मोजायचा, कारण वायूंचे थर बसतात. तो 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून 20.9 लिहिणं ही नेहमीची चूक, कारण तिथे बाहेरचीच हवा असते.

दुसऱ्याच आठवड्यात ट्रेनीची सही चालते असं कळलं, तर ती नोकरी घेऊ नये. जिथे इन्चार्ज मागच्या महिन्याचं परमिट काढून तीन रीडिंग, त्यांच्या वेळा आणि ब्लाइंडचा नंबर दाखवतो, तिथे पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी जावं.