इन्व्हर्जनची मोजणी आणि ३२ बिटांची मर्यादा : पार्श्वभूमी

ॲरेमध्ये आधीची संख्या नंतरच्या संख्येपेक्षा मोठी असलेल्या जोड्या, म्हणजेच इन्व्हर्जन, मोजण्याची कल्पना निर्धारकांच्या सिद्धांताइतकी, म्हणजे अठराव्या शतकाइतकी जुनी आहे. मात्र तिथे मोजणी सम की विषम एवढेच पाहिले जाई. पूर्ण संख्येची गरज १९३८ नंतर दोन क्रमवारींमधील सहसंबंध मोजताना भासू लागली, आणि १९६६ मध्ये त्या गणनेसाठी मर्ज सॉर्टचा वापर सुचवला गेला. त्यात ॲरेचे दोन अर्धे भाग एकत्र करताना ते दोन्ही आधीच क्रमाने लावलेले असल्यामुळे उजवीकडचा घटक डावीकडच्या घटकापेक्षा लहान निघाला, की डावीकडे उरलेले सगळेच घटक त्याच्यापेक्षा मोठे ठरतात. `i` हे डावीकडच्या चालू घटकाचे आणि `mid` हे डाव्या भागातल्या शेवटच्या घटकाचे स्थान धरले, तर:

```
count += mid - i + 1;
```

`[2,4]` आणि `[1,3]` एकत्र करताना १ उचलला की २ आणि ३ उचलला की १, अशी ३ इन्व्हर्जन मिळतात. घटक समान असल्यास डावीकडचा आधी घ्यावा, नाहीतर समान जोड्याही मोजल्या जातात.

एका वेळी मिळवली जाणारी संख्या लहानच असते. फुगते ती बेरीज. n घटकांत जास्तीत जास्त n(n−१)/२ इन्व्हर्जन असू शकतात. सी भाषेतला `int` हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा होता तेव्हा उलट्या क्रमातले २५७ घटकही त्याला पेलत नसत. ३२ बिटांत ६५,५३६ घटकांपर्यंत उत्तर जेमतेम मावते, पुढच्याच घटकाला मर्यादा ओलांडते. एक लाख घटक उलट्या क्रमात असतील तर खरे उत्तर ४,९९,९९,५०,००० येते, पण ३२ बिटांत सहसा ७०,४९,८२,७०४ एवढेच उरते. ऋण उत्तर निदान शंका तरी उत्पन्न करते. हे धन उत्तर मात्र सहज खपून जाते.

खरा गुंता `long` ने केला. ६४ बिटी यंत्रे आली तेव्हा युनिक्सकडच्या मंडळींनी `long` ६४ बिटांचा केला, तर विंडोजने जुने प्रोग्रॅम आणि त्यांतील रचना मोडू नयेत म्हणून तो ३२ बिटांचाच ठेवला. जुना कोड जपण्याचा हेतू समजण्यासारखा असला, तरी त्याची किंमत नंतर कोड लिहिणाऱ्यांनी मोजली, कारण लिनक्सवर बरोबर चालणारा तोच प्रोग्रॅम विंडोजवर चुकीचे उत्तर देऊ लागला. १९९९ च्या सी प्रमाणकाने किमान ६४ बिटांची हमी देणारा `long long` आणला, आणि सी++ मध्ये तो २०११ साली अधिकृत झाला. (जावामध्ये `long` ६४ बिटांचाच असतो, तर पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही.)

तरीही बेरजेचा प्रकार बदलून फंक्शनचा परतावा `int` च ठेवण्याची चूक आजही आढळते, आणि छोट्या चाचण्यांत ती दिसत नाही. उलट्या क्रमातल्या ६५,५३७ घटकांवर प्रोग्रॅम चालवावा: उत्तर २,१४,७५,१६,४१६ यायला हवे, ऋण आले, तर वाटेत कुठेतरी ३२ बिटी प्रकार राहून गेला आहे.