घड्याळ म्हणतं ठोके अनियमित, पुढे काय?

स्मार्टवॉचच्या पाठीमागचा हिरवा दिवा हृदयाकडे बघत नाही, मनगटाकडे बघतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे नाडीच्या प्रत्येक लाटेला परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. त्यावरून घड्याळ दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (थोडक्यात एएफ) हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि ठोक्यांची लय पार विस्कटते. घड्याळ शोधतं ते हे विस्कटणं. एकदा दिसलं म्हणून लगेच ओरडत नाही. ॲपल हार्ट स्टडीत ४८ तासांत सहापैकी पाच नोंदी अनियमित आल्या तरच इशारा जायचा.

या अभ्यासाचे निकाल २०१९ मध्ये आले आणि त्यातल्या दोन आकड्यांनी बराच गोंधळ उडवला. ४ लाख १९ हजारांहून जास्त लोकांपैकी इशारा आला २,१६१ जणांना. त्यांना छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी पाठवली. ज्या ४५० जणांच्या पट्ट्या तपासण्याजोग्या परत आल्या, त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये एएफ सापडला. मग बाकीचे इशारे खोटे? तसं नाही. पट्टी लागेपर्यंत सरासरी दोनेक आठवडे उलटले होते, आणि सुरुवातीचा एएफ येतो-जातो. पट्टी अंगावर असतानाच ज्या ८६ जणांना पुन्हा इशारा आला, त्यांच्यापैकी ७२ जणांमध्ये त्याच वेळी एएफ होता, म्हणजे ८४ टक्के. एवढ्यावरून ‘घड्याळ ८४ टक्के अचूक’ असं म्हणायचा मोह होतो, पण तोही आवरावा. ज्यांना आधीच एकदा इशारा आला होता त्यांच्यातला हा हिशेब आहे. पंचविशीतल्या धडधाकट माणसाला एएफ मुळातच क्वचित होतो, म्हणून त्याचा इशारा चुकीचा असण्याची शक्यता सत्तरीतल्या, रक्तदाब असलेल्या माणसापेक्षा बरीच जास्त.

चुकतं कुठे, ते एका कल्पित उदाहरणात पाहू. ६६ वर्षांच्या एका बाईंना दुपारी इशारा आला. त्यांच्या ठोक्यांमधली अंतरं सेकंदांत अशी आहेत: ०.८०, ०.८०, ०.५०, १.१०, ०.८०. एक ठोका अवेळी आला, मागोमाग थोडा विसावा, की गाडी पुन्हा रुळावर. ०.५० आणि १.१० यांची बेरीज १.६०, म्हणजे नेहमीच्या दोन ठोक्यांइतकीच. हा एएफ नव्हे, मध्येच आलेला एक्टोपिक ठोका आहे. गंमत म्हणजे असा ठोका इतका दुबळा असू शकतो की मनगटापर्यंत पोचतच नाही. मग घड्याळाला तिथे १.६० सेकंदांची पोकळी दिसते. असे ठोके वारंवार आले की लय अनियमितच भासते. एएफमध्ये अंतरं अशी असतील: ०.६२, ०.९४, ०.७१, १.०८, ०.५५. कसाही हिशेब लावा, काही जुळत नाही.

हा फरक घड्याळाच्या ईसीजीत दिसतो. एका मनगटावर घड्याळ, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या धातूच्या भागावर, आणि ३० सेकंद. आलेखातल्या उंच सुळक्याआधी छोटा उंचवटा, म्हणजे पी लहर, दिसते का ते डॉक्टर पाहतात. एएफमध्ये ती नसते. पण हा एकाच कोनातून घेतलेला आलेख. पी लहर त्यात मुळातच बारीक येते, आणि हात हलला की खालची रेघ अशी थरथरते की एएफच वाटावा. Inconclusive असं आलं तर त्याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असाही नाही आणि ‘आजार आहे’ असाही नाही.

म्हणून इशारा आला की आधी खाली बसा. हात मांडीवर किंवा टेबलावर टेकवा, बोलू नका आणि ईसीजीची सोय असेल तर लगेच आलेख घ्या. उद्या घेतलेल्या आलेखात लय पूर्ववत झालेली असू शकते. सोय नसेल तर वेळ, नाडीचा वेग आणि धडधड, चक्कर असं काही जाणवलं का ते लिहून ठेवा. मूळ आलेखाची पीडीएफ घेऊन येत्या काही दिवसांत डॉक्टरांकडे जा. घड्याळाने दिलेलं नाव त्यांच्या फारसं कामाचं नाही, रेघ कामाची आहे. छातीत दुखणं, धाप, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं यांपैकी काही असेल तर मात्र आलेख वगैरे राहू द्या, थेट रुग्णालय गाठा. हार्ट ॲटॅक या घड्याळाला ओळखता येत नाही.

डॉक्टर बहुधा बारा लीडचा ईसीजी काढतील. तो नॉर्मल आला तरी प्रश्न मिटतोच असं नाही, कारण तो दहा सेकंदांचा असतो; मग काही दिवस अंगावर बाळगायचा मॉनिटर लावतात. एएफ ठरलाच, तर अलिंदात गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधं द्यायची का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरतं. या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा इशारा पाहून ती आपली आपण सुरू करू नयेत, ॲस्पिरिनही नाही. आणि ज्यांची ही औषधं आधीच चालू आहेत, त्यांनी घड्याळ महिनाभर गप्प आहे म्हणून ती बंदही करू नयेत. ते सतत पाहत नसतं, अधूनमधून आणि बहुतेकदा तुम्ही स्वस्थ असतानाच पाहतं.